अल्फा ०.९१ आलाय, मग आयआरटी कशाला? डिप्रेशनच्या एका स्केलवरून

प्रश्न: मॅडम, एमए क्लिनिकलच्या डेझर्टेशनसाठी मराठीत डिप्रेशनच्या लक्षणांची स्केल बनवतोय. २४ आयटम आहेत, प्रत्येकाला ० ते ३ मार्क, ४२० जणांचा डेटा झालाय, कॉलेजची मुलं आणि त्यांचे पालक. अल्फा ०.९१ आलाय. गाइड म्हणतात बास झालं, बेरीज करून स्कोर दे. सिनिअर म्हणते आयआरटी लावल्याशिवाय आजकाल चालत नाही. दोन्हीत नक्की फरक काय पडतो आणि शेवटी स्कोर कसा द्यायचा?

उत्तर:

आधी एक गोष्ट सांगते म्हणजे पुढचं सोपं जाईल. तुझ्याच डेटावर दोन्ही पद्धतींनी स्कोर काढलेस, एकीकडे साधी बेरीज आणि दुसरीकडे आयआरटीचा, म्हणजे आयटम रिस्पॉन्स थिअरीचा थीटा, म्हणजे माणसात डिप्रेशन किती आहे याचा मॉडेलने काढलेला अंदाज, तर दोघांचं कोरिलेशन बहुतेक ०.९५ च्या वर येईल. म्हणजे माणसांचा क्रम जवळपास तोच राहतो. त्यामुळे "आयआरटी वापरल्याने स्कोर अधिक अचूक आला" हे वाक्य डेझर्टेशनमध्ये लिहू नकोस, व्हायव्हाला कोणी जाणकार बसला असेल तर तिथेच अडकशील. खरा फरक पडतो तो कुठला आयटम ठेवायचा आणि कुठला काढायचा इथे, आणि एखाद्या माणसाच्या स्कोरवर किती भरवसा ठेवायचा इथे. या दोन जागी सीटीटी, म्हणजे बेरीज आणि अल्फावाली क्लासिकल टेस्ट थिअरी, तुला चुकीच्या वाटेला नेऊ शकते, आणि लक्षणांच्या स्केलमध्ये तर हमखास नेते.

आता तुझा ०.९१ घेऊ. अल्फा म्हणजे सगळे आयटम एकमेकांशी किती सुसंगत आहेत याचा आकडा. २४ आयटम असताना हा आकडा यायला आयटमांमधलं सरासरी कोरिलेशन फक्त ०.३० च्या आसपास लागतं, करून बघ, `24×0.30 / (1 + 23×0.30)` बरोबर ०.९१. सरासरी ०.२० असती तरी अल्फा ०.८५ च्या वरच आला असता. म्हणजे मोठा अल्फा आला यातला बराच वाटा आयटम चोवीस आहेत याचाच आहे. त्यातून "स्केल एकच गोष्ट मोजते" हे सिद्ध होत नाही, आणि ती कुठल्या माणसांसाठी नीट मोजते हे तर अजिबात कळत नाही.

याच अल्फावरून आपण एसईएम काढतो, म्हणजे स्कोरमधली चूक. समज तुझ्या बेरजेचा एसडी १० आहे, तर `SEM = 10 × √(1 − 0.91)` म्हणजे ३. मग आपण म्हणतो की ज्याला २० मार्क आले त्याचा खरा स्कोर साधारण १४ ते २६ मध्ये असेल. ठीक. पण हाच ३ आपण ज्याला २ मार्क आले त्यालाही लावतो आणि ज्याला ६० आले त्यालाही. सगळ्यांना एकच चूक, हे काही निसर्गाने दिलेलं नाही, ते सगळ्या ४२० जणांची मिळून काढलेली सरासरी आहे. आणि कॉलेजातली मुलं आणि पालक म्हटल्यावर तुझ्या ४२० मधले बहुतेक लोक खालच्या टोकाला असणार, त्यामुळे ही सरासरी मुख्यतः बरं असलेल्या लोकांची आहे. (सीटीटीतही स्कोरप्रमाणे वेगळा एसईएम काढायच्या पद्धती आहेत, फ्रेडरिक लॉर्डने ते दाखवून दिलंय, पण डेझर्टेशनमध्ये कोणी काढलेला मी क्वचितच बघितलाय.)

आता आयटम निवडायचा मुद्दा, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं आणि ते कुठेच दिसत नाही.

तुझे गाइड पुढे सांगतील की आयटम-टोटल कोरिलेशन ०.३० च्या खाली असलेले आयटम काढून टाक. सगळ्यांना हेच शिकवलेलं असतं. आता दोन आयटम घेऊ, सोपं जावं म्हणून दोन्ही हो किंवा नाही असेच समजू. एक "मन उदास राहतं", याला निम्म्या लोकांनी हो म्हटलं. दुसरा "जगण्यात काही अर्थ नाही असं वाटतं", याला १०० त दोघांनी हो म्हटलं, म्हणजे तुझ्या ४२० मधले आठ-नऊ जण. समज की दोन्ही आयटम डिप्रेशनशी अगदी सारखेच घट्ट बांधलेले आहेत, म्हणजे आतून प्रत्येकाचं डिप्रेशनशी नातं ०.७५ इतकं आहे. पण आपण आयटम-टोटल कोरिलेशन काढतो ते हो-नाहीच्या ०-१ वर, आणि तिथे किती लोकांनी हो म्हटलं याचा मार बसतो. नॉर्मल वक्र धरून हिशेब केला तर पहिल्या आयटमचं कोरिलेशन ०.६० येतं आणि दुसऱ्याचं फक्त ०.२६. नातं तेच, घट्टपणा तोच, तरीही एक आयटम "उत्तम" ठरला आणि दुसरा "कमकुवत" म्हणून बाहेर गेला. आणि बाहेर गेला तो कुठला, तर नेमका तो, जो गंभीर आजारी माणूस ओळखायला सगळ्यात जास्त कामाचा होता.

माझ्याकडून हे झालेलं आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी माझी पहिली स्केल मी अशीच नियमाने साफ केली होती, जड आयटम एकेक करून गेले, अल्फा किंचित वाढला, मला फार समाधान वाटलं. मग ती एका हॉस्पिटलच्या ओपीडीत वापरायला घेतली तेव्हा लक्षात आलं की मध्यम आजारी आणि खूप आजारी पेशंट सगळे वरच्या पाच-सहा मार्कांतच गर्दी करून बसलेत. औषध सुरू झाल्यावर डॉक्टरांना फरक दिसत होता, घरच्यांना दिसत होता, पण आमचा स्कोर हलत नव्हता, कारण त्या उंचीवर मोजपट्टीला रेषाच उरल्या नव्हत्या, त्या मीच पुसल्या होत्या.

आयआरटी याच जागी कामाला येते. तिथे प्रत्येक आयटमचे दोन गुण वेगळे काढले जातात. एक `b`, म्हणजे हा आयटम थीटाच्या कुठल्या उंचीवर काम करतो, आणि दुसरा `a`, म्हणजे त्या उंचीवर तो माणसामाणसांत किती धारदार फरक करतो. सीटीटीच्या आयटम-टोटलमध्ये या दोन गोष्टींची मिसळ झालेली असते. वरचेच दोन आयटम हे दोन गुण काढणाऱ्या टू-पीएल मॉडेलमध्ये घातले तर दोन्हींचा `a` साधारण १.९ येतो, अगदी सारखा, आणि `b` पहिल्याचा ० आणि दुसऱ्याचा २.७. म्हणजे दुसरा आयटम कमकुवत नाही, तो फक्त वरच्या मजल्यावर राहतो.

याचंच पुढचं पाऊल म्हणजे इन्फर्मेशन, कुठल्या थीटाला आयटम किती नेमकं मोजतो तो आकडा. टू-पीएलमध्ये एका आयटमची इन्फर्मेशन `a² × P × (1 − P)` असते, `P` म्हणजे त्या थीटाच्या माणसाने हो म्हणायची शक्यता. आपल्या पहिल्या आयटमची थीटा ० ला ती ०.९० आहे आणि थीटा २.७ ला फक्त ०.०२. दुसऱ्याचं बरोबर उलटं, ० ला ०.०२ आणि २.७ ला ०.९०. सगळ्या आयटमांची इन्फर्मेशन बेरीज केली की स्केलची इन्फर्मेशन `I` मिळते आणि थीटातली चूक, म्हणजे एसई, `SE = 1/√I`. म्हणजे एखाद्या उंचीवर बेरीज १६ असेल तर एसई ०.२५, आणि दुसऱ्या उंचीवर ४ असेल तर ०.५०, दुप्पट. अल्फा या दोन्ही जागा एकाच आकड्यात गुंडाळतो. तुझ्या स्केलचा कट-ऑफ जिथे पडतो तिथे इन्फर्मेशन किती आहे हे बघ, ०.९१ पेक्षा तो आकडा जास्त बोलतो.

इथे एक बारीक गोष्ट आहे जी मुलांना नेहमी गोंधळात टाकते, म्हणून थोडी थांबते. बेरजेच्या मार्कांत मोजलं तर चूक दोन्ही टोकांना सगळ्यात कमी दिसते आणि मध्ये जास्त. थीटात मोजलं तर उलटं, टोकांना सगळ्यात जास्त. मग खरं काय? दोन्ही खरं आहे. ज्याला ७२ पैकी १ मार्क आला त्याला पुन्हा विचारलं तर परत ०, १ किंवा २ येणार, खाली जायला जागाच नाही, म्हणून मार्क फार हलत नाहीत. पण तो १ मार्कवाला माणूस आतून नेमका कुठे आहे, थोडासा समाधानी की पूर्ण आनंदात, हे त्या एका मार्कावरून कळत नाही, म्हणून थीटाची चूक मोठी. मार्क स्थिर असणं आणि माणसाबद्दल माहिती असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता तुझा डेटा. ० ते ३ असे चार पर्याय असल्याने तुला फुमिको समेजिमाचं १९६९ चं ग्रेडेड रिस्पॉन्स मॉडेल लागेल. त्यात प्रत्येक आयटमला एक `a` आणि तीन `b` असतात, ० वरून १ कडे जायचा एक उंबरठा, १ वरून २ चा दुसरा, २ वरून ३ चा तिसरा. आर मध्ये `mirt` ने हे होतं:

```r
library(mirt)
psych::alpha(d)$item.stats      # r.drop बघ
m <- mirt(d, 1, itemtype = "graded", SE = TRUE)
coef(m, IRTpars = TRUE, printSE = TRUE)
residuals(m, type = "Q3")
plot(m, type = "infoSE")
fscores(m, method = "EAPsum", full.scores = FALSE)
```

४२० जण या मॉडेलला पुरतात का, तर `a` साठी बऱ्यापैकी पुरतात, सर्वसाधारणपणे ५०० च्या आसपास असावेत असं म्हणतात, पण नुसता एकूण आकडा बघून उपयोग नाही, प्रत्येक आयटमच्या प्रत्येक पर्यायाला किती जणांनी खूण केली ते मोज. "जगण्यात अर्थ नाही" ला "जवळजवळ रोज" म्हणणारे तिघेच असतील तर त्या आयटमचा तिसरा `b` ४.८ वगैरे काहीतरी येईल आणि त्याची स्टँडर्ड एरर दीड-दोन असेल, म्हणजे तो आकडा तीन माणसांच्या जिवावर उभा आहे. अशा वेळी वरचे दोन पर्याय एकत्र करून मॉडेल परत चालवायचं. आयटम काढायचा नाही, पर्याय जोडायचे. त्याहून चांगलं म्हणजे ओपीडीतले शंभरेक पेशंट मिळव, कारण वरच्या मजल्यावर माणसंच नसतील तर कुठलंही मॉडेल तिथली मोजणी करू शकत नाही, आयआरटीसुद्धा नाही.

आणि या आयटमबद्दल एक गोष्ट सांख्यिकीच्या बाहेरची पण सगळ्यात आधी करायची. त्याला कोणी १ किंवा वर खूण केली असेल तर तो फॉर्म ॲनालिसिसची वाट बघत फायलीत राहता कामा नये. डेटा घेतला त्याच दिवशी कोण बघणार, कोण बोलणार, कुठे पाठवणार हे एथिक्सच्या कागदावर लिहिलेलं पाहिजे. तुझे आठ-नऊ जण असतील तर आज परत तपास की त्यांच्याशी कोणी बोललंय का.

पुढे `coef` चा तक्ता उघडलास की मोठा `a` बघून खूश होऊ नकोस. साधारण १ ते २.५ मध्ये बहुतेक आयटम असतील. एखाद्या आयटमचा `a` ४ च्या वर गेला असेल तर तिथे संशय घ्यायचा. तुझ्या २४ आयटमांत झोपेचे तीन आयटम असणार याची मला जवळपास खात्री आहे: झोप लवकर लागत नाही, मध्येच जाग येते, पहाटे लवकर जाग येते. ज्याची झोप बिघडलीय तो तिन्हींना हो म्हणणार, मग तो उदास असो की नुसता नाइट शिफ्टवाला असो. या तिघांना एकमेकांशी बांधणारी गोष्ट डिप्रेशन नाही, झोप आहे. याला लोकल डिपेंडन्स म्हणतात. अल्फाला असे आयटम फार आवडतात, एकच प्रश्न तीनदा विचारला की तो वाढतोच, सीटीटीत हा दोष गुण म्हणून दिसतो. पण आयआरटी आपोआप यातून वाचवते असंही नाही, उलट ती फसते, या तिघांचा `a` फुगतो, थीटा त्यांच्याकडे ओढला जातो, आणि वाईट प्रकार असेल तर तुझी डिप्रेशनची स्केल गुपचूप झोपेची स्केल होऊन बसते, तरी एसई मात्र मस्त लहान दिसते. फरक एवढाच की आयआरटीत हे पकडायचं हत्यार आहे. `Q3` म्हणजे थीटा वजा केल्यावर दोन आयटमांत उरलेलं कोरिलेशन. सगळ्या जोड्यांची सरासरी काढ, ती किंचित मायनसमध्ये असते, आणि त्या सरासरीपेक्षा ०.२० ने वर असलेल्या जोड्या बघ. झोपेच्या तिन्ही जोड्या तिथे सापडल्या तर एक ठेव, दोन काढ, किंवा तिघांचा मिळून एक आयटम कर. पीएचक्यू-९ या डिप्रेशनच्या नेहमीच्या स्केलमध्ये झोपेचा एकच आयटम आहे आणि त्यातच झोप न लागणं, न टिकणं आणि जास्त येणं हे सगळं घातलंय, नऊच आयटमांत झोपेला तीन जागा देणं परवडत नाही. हे केल्यावर तुझा अल्फा ०.९१ चा साधारण ०.९० होईल, गाइड विचारतील का पडला, तेव्हा `Q3` चा तक्ता त्यांच्यासमोर ठेव.

आता स्कोर.

बेरीज म्हणजे मॉडेल नाही, असं लोकांना वाटतं. बेरीज हेही एक मॉडेलच आहे, त्यात तू सगळ्या आयटमांना सारखं वजन देतोस. डॅनिश गणिती जॉर्ज राश याने १९६० मध्ये मांडलेल्या मॉडेलमध्ये सगळ्यांचा `a` सारखा धरलेला असतो आणि तिथे बेरजेत माणसाबद्दलची सगळी माहिती येते, कोणते आयटम हो म्हटले याने काही फरक पडत नाही. `a` वेगवेगळे असले की चित्र बदलतं. हो-नाहीचे सहा आयटम घे आणि आकडे नुसत्या उदाहरणासाठी धर: झोप ०.८, भूक ०.९, थकवा १.०, कशातच रस नाही २.०, उदासी २.४, पुढचं काही दिसत नाही २.६. एका बाईंनी पहिल्या तिघांना हो म्हटलं, त्यांना थायरॉइड आहे. दुसऱ्या माणसाने शेवटच्या तिघांना. बेरीज दोघांची ३. टू-पीएलमध्ये मात्र ज्या आयटमांना हो म्हटलं त्यांच्या `a` ची बेरीज लागते, म्हणजे बाईंची २.७ आणि त्या माणसाची ७.०. थीटात दोघांत चांगलं अंतर पडेल, आणि क्लिनिकल नजरेनेही ते पडायलाच हवं.

नीट बघ, या हिशेबात `b` कुठेच आलं नाही. बरेच जण समजतात की आयआरटीत अवघड किंवा गंभीर आयटमला हो म्हटलं की जास्त मार्क मिळतात. टू-पीएलमध्ये सगळ्यांनी तेच सगळे आयटम सोडवले असतील तर तसं होत नाही, वजन फक्त `a` चं असतं. `b` कामाला येतो तो माणसांना वेगवेगळे आयटम दिले तेव्हा, म्हणजे कोणी काही रिकामे सोडले, कोणाला शॉर्ट फॉर्म दिला, किंवा कॉम्प्युटर उत्तर बघून पुढचा आयटम निवडतोय. ग्रेडेड मॉडेलमध्ये हिशेब इतका सरळ बेरजेचा नाही पण कल हाच.

मग पॅटर्नवरून थीटा द्यायचा का? तुझ्या बाबतीत मी नाही म्हणेन. तुझी स्केल पुढे कोणीतरी काउन्सेलर वापरणार, तिच्यासमोर कागद आणि पेन असणार, कॉम्प्युटर नाही. शिवाय "तुमच्या दोघींचे मार्क सारखे पण तुमचा स्कोर कमी" हे पेशंटला आणि डॉक्टरांना समजावणं सोपं नाही. मधला मार्ग वर कोडच्या शेवटच्या ओळीत आहे. `EAPsum` प्रत्येक बेरजेसाठी, ० पासून शेवटच्या मार्कापर्यंत, एक थीटा आणि त्याची एसई देतो. त्याचा तक्ता मॅन्युअलमध्ये छाप. काउन्सेलर बेरीज करेल, तक्त्यात बघेल, आणि तिला स्कोरसोबत त्याच उंचीवरची चूक मिळेल, सगळ्यांना एकच ३ नाही. पॅटर्नमधली थोडी माहिती जाते, जाऊ दे. थीटा मायनसमध्ये दाखवू नकोस, ५० + १० × थीटा करून टी-स्कोर दे, अमेरिकेतल्या प्रॉमिस या आरोग्य मोजण्याच्या प्रकल्पाच्या स्केल्स हाच टी-स्कोर देतात आणि लोकांना तो वाचता येतो.

तक्त्याची वरची आणि खालची टोकं मात्र जपून वाच. ज्यांनी सगळ्यांना ० दिलं त्या सगळ्यांना एकच थीटा मिळेल, समज −१.३, आणि त्याची एसई बरीच मोठी असेल. त्याचा अर्थ "सरासरीपेक्षा कमी डिप्रेशन" असा लावू नकोस. त्याचा अर्थ इतकाच की लक्षण सापडलं नाही. ॲप्टिट्यूडमध्ये खालच्या टोकालाही अर्थ असतो, गणित कमी येतं म्हणजे कमी येतं, डिप्रेशनमध्ये शून्याच्या खाली काय आहे हे आपण विचारलेलंच नाही. आणि ईएपी, म्हणजे `EAPsum` ची थीटा काढायची पद्धत, प्रत्येकाला थोडं मधे ओढते, ज्या गटावर मॉडेल बसवलं त्याच्या सरासरीकडे. तुझं मॉडेल कॉलेज आणि पालकांवर बसलंय, त्यावर ओपीडीतला गंभीर पेशंट स्कोर केलास तर तो आहे त्यापेक्षा किंचित बरा दिसेल. आयटम कमी असतील तर जास्तच.

ओपीडीचा डेटा घेतलास तर आणखी एक खड्डा आहे. आयआरटीचे आयटम पॅरामीटर गटावर अवलंबून नसतात असं पुस्तकात वाचलं असशील. ते खरं आहे पण स्केल जुळवल्यानंतर. कॉलेजच्या गटात प्रोग्राम सरासरी थीटा ० धरतो, ओपीडीच्या गटात वेगळं चालवलंस तर तिथेही सरासरी ० च धरतो. ओपीडीवाले समज दीड एसडी वर असतील आणि पसारा सारखा असेल तर आपला तोच "जगण्यात अर्थ नाही" आयटम, ज्याचा `b` कॉलेजात २.७ होता, तो ओपीडीत १.२ दिसेल. आयटम बदलला नाही, शून्य सरकलं. दोन आउटपुट शेजारी ठेवून "पॅरामीटर बदलले, आयआरटी चालली नाही" असं लिहिलेलं मी तपासलंय. दोन्ही गट `multipleGroup` मध्ये एकत्र घाल, काही आयटम दोन्हीकडे सारखे बांधून ठेव आणि दुसऱ्या गटाची सरासरी मोकळी सोड.

आणि मग जे आयटम या सगळ्या जुळवणीनंतरही वेगळे वागतात तेच खरे कामाचे. त्याला डीआयएफ म्हणतात, म्हणजे थीटा सारखा असूनही दोन गटांतली माणसं आयटमला वेगळं उत्तर देतात. सगळ्यात ओळखीचं उदाहरण रडण्याचं: उदासी तेवढीच असली तरी "रडू येतं" ला बायका पुरुषांपेक्षा जास्त हो म्हणतात, हे डिप्रेशनच्या स्केल्समध्ये पुन्हा पुन्हा सापडलंय. साध्या बेरजेत बायकांना हे मार्क फुकट चिकटतात आणि पुरुषांचे तेवढे सुटतात. सीटीटीत तू बायकांची आणि पुरुषांची सरासरी काढशील, फरक दिसेल, पण तो उदासीचा फरक की आयटमचा, हे सुटं करता येणार नाही.

मराठी स्केलमध्ये माझं लक्ष आधी "करमत नाही" कडे जाईल. रस वाटत नाही, आनंद वाटत नाही याचं भाषांतर म्हणून हा शब्द सगळे वापरतात, तूही वापरला असशील, आणि तो ऐकायला अगदी आपला वाटतो. पण हॉस्टेलवर नुकतीच आलेली मुलगी "करमत नाही" म्हणते तेव्हा तिला घरची आठवण येत असते, तिला मैत्रिणी मिळाल्या की करमतं. पन्नाशीतला बाप "कशातच मन लागत नाही" म्हणतो तेव्हा गोष्ट वेगळी असते. तुझ्याकडे मुलं आणि पालक असे दोन गट तयारच आहेत, `DIF()` चालव, आणि हा आयटम तपास. हॉस्टेलवाली आणि घरी राहणारी मुलं अशी नोंद केली असशील तर त्यावरही चालव. डीआयएफ आला तर आयटम लगेच काढू नकोस, आधी त्या गटातल्या सात-आठ जणांशी बस आणि विचार की "हे वाचून तुझ्या मनात काय आलं". आकडा कुठे बघायचं ते सांगतो, का ते माणूसच सांगतो.

ॲप्टिट्यूड टेस्टबद्दल थोडक्यात, कारण तिथेही हाच गोंधळ असतो. बहुपर्यायी प्रश्न असेल तर अंदाजाने बरोबर येण्याचा तिसरा पॅरामीटर `c` लागतो, आणि तो नीट काढायला हजारांत माणसं लागतात, तीनशे-चारशेवर थ्री-पीएल बसवू नकोस, `c` कुठेही भरकटतो. आपल्याकडे जेईई मेन किंवा एमएचटी-सीईटी अनेक शिफ्टमध्ये होतात आणि पेपर वेगवेगळे असतात, तिथे शिफ्टनुसार पर्सेंटाइल काढून जुळवतात. ती पद्धत प्रत्येक शिफ्टमध्ये सारख्याच कुवतीची मुलं बसली असं धरून चालते. काही समान आयटम सगळ्या शिफ्टमध्ये ठेवून आयआरटीने जुळवलं तर ते धरावं लागत नाही, पण मग ते समान आयटम गुप्त राहायला हवेत, आणि लाखो मुलं बसतात त्या परीक्षेत ते राखणं फार कठीण.

तुझ्यापुरतं सांगायचं तर आयआरटी आधी सगळ्यावर चालवू नकोस. पहिल्यांदा साधे तक्ते काढ, कोणत्या पर्यायाला किती खुणा, उलट्या अर्थाचे आयटम फिरवलेस का, कोणी सगळीकडे एकच खूण करत गेलंय का. `r.drop`, म्हणजे आयटमचं उरलेल्या आयटमांच्या बेरजेशी कोरिलेशन बघ, मायनस असेल तर आयटम वाचूनच कळेल काय चुकलंय. मग एका फॅक्टरवर बसतंय का ते बघ. त्यानंतर ग्रेडेड मॉडेल, `Q3`, इन्फर्मेशनचा आलेख. त्या आलेखावर पेन्सिलने तुझ्या कट-ऑफची उभी रेघ मार. रेघेपाशी एसई ०.३० च्या आसपास असेल तर तुझी स्केल ज्या कामासाठी आहे तिथे चांगलं मोजते. आलेखाचा फुगवटा डावीकडे असेल आणि रेघेपाशी तो उतरलेला असेल, तर कमी आजारी लोकांत फरक करणारे पाच-सात आयटम जास्त झालेत आणि त्या उंचीवरचे कमी पडलेत, अल्फा ०.९१ असला तरी. तेव्हा ज्यांना ०.३० चा नियम लावून काढायला निघाला होतास त्या आयटमांची यादी परत काढ आणि त्यांचा `b` बघ.

गाइडना हे दाखवताना आयआरटी हा शब्दही आधी काढू नकोस. त्यांना ०.६० आणि ०.२६ चा तो हिशेब दाखव, ते लगेच समजतील, सीटीटी त्यांची पक्की असते.